बाहेर शिकवायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याची एनओसी: त्या एका पानावर काय असावं

प्रश्न: आमची चाकणला दीडशे लोकांची कंपनी आहे, फिक्स्चर आणि टूलिंग बनवतो. एचआर मी एकटाच बघतो. डिझाइनमधल्या एका सिनियर इंजिनिअरला जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजने दर शनिवारी शिकवायला बोलावलंय आणि कॉलेजला आमच्याकडून एनओसी हवीये. साहेब म्हणाले देऊन टाक. नेटवर चार ओळींचा फॉरमॅट मिळाला, तो चालेल का? की अटी घालाव्या लागतात?

उत्तर:

एनओसी जरूर द्या, साहेबांचं बरोबर आहे. चांगल्या इंजिनिअरला शिकवावंसं वाटतंय तर अडवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण नाही म्हटलं तर असली माणसं एक तर गुपचूप शिकवतात नाहीतर वर्षभरात दुसरीकडे जातात. फक्त तो चार ओळींचा फॉरमॅट वापरू नका. त्यात "अमुक यांनी आपल्या संस्थेत अर्धवेळ अध्यापन करण्यास आमची हरकत नाही" एवढंच असतं, आणि या वाक्यात किती तास, कधीपर्यंत, कुठल्या पदावर, काय शिकवायला, यातलं काहीच नसतं. उद्या काही वाद झाला तर तुम्ही सगळ्यालाच हो म्हणून बसलेले असता.

मी बरीच वर्षं उत्पादन कंपन्यांमध्ये एचआर बघते आणि असल्या परवानग्या माझ्या टेबलावरून नेहमी जातात. माझ्या अनुभवात गडबड होते ती तीन जागी होते. तास वाढत जातात, कॉलेज कागदावर त्याला भलत्याच पदावर दाखवतं, आणि कंपनीचं काम वर्गातल्या स्लाइडवर जातं. बाकीच्या अटी घातल्या काय नि नाही काय, फार फरक पडत नाही.

तुमच्याकडे नेमकं काय लागू होईल हे थोडं परिस्थितीवर आहे. त्याच्या नेमणूक पत्रात काय लिहिलंय, तो स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमांत, येतो की मॅनेजमेंट केडरमध्ये, तुमच्या ग्राहकांशी गोपनीयतेचे करार कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे शनिवारी सुट्टी असते का. आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी रविवारी नसतेच, आणि तुमचा शनिवार कामाचा असेल तर सगळा विषयच बदलतो, मग ही एनओसी राहत नाही, कामाच्या वेळेत सूट दिल्यासारखं होतं आणि त्यासाठी डिपार्टमेंट हेडची लेखी संमती वेगळी घ्या. मी पुढे शनिवार सुट्टीचा आहे असं धरून लिहितेय.

सगळ्यात आधी नेमणूक पत्र काढा. त्यात बहुतेक "कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी, धंदा किंवा मोबदल्याचं काम करणार नाही" असं कलम असेल. कोणीतरी तुम्हाला सांगेल की असली कलमं कोर्टात टिकत नाहीत, करार कायद्याच्या कलम 27 मुळे रद्द होतात वगैरे. ते नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे, नोकरी चालू असतानाच्या बंधनाबद्दल नाही. 1967 मध्ये सेंच्युरी स्पिनिंगच्या केसमध्ये, जी आपल्या कल्याणच्या कारखान्यातूनच उभी राहिलेली होती, सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय की नोकरीच्या काळात दुसरीकडे काम न करण्याची अट साधारणपणे व्यवसायावरचं बंधन धरली जात नाही, फक्त ती अतिरेकी किंवा एकतर्फी नसावी. म्हणजे परवानगी देणं न देणं, आणि देताना अटी घालणं, हा कंपनीचा हक्क आहे. तो कामगार वर्गात असेल आणि तुमच्याकडे स्टँडिंग ऑर्डर्स लागू असतील तर त्यातलं कलमही बघा. जुन्या कारखाना कायद्यातलं कलम 60, त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करू न देण्याचं, ते इथे लागत नाही, कॉलेज म्हणजे कारखाना नव्हे.

एनओसी लिहिण्याआधी एक कागद मागा, आणि तो म्हणजे कॉलेजचं त्याच्या नावाचं पत्र. नुसतं "आपली एनओसी आणा" हे पत्र झालं नाही. पदाचं नाव, विषय, कुठलं सेमिस्टर, आठवड्याला किती तास, परीक्षेची कामं कुठली, पैसे कसे आणि कुठल्या नावाखाली देणार, हे त्यात पाहिजे. इंजिनिअरला सांगा की हे पत्र आल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. चांगलं कॉलेज दोन दिवसांत देतं. जे कॉलेज टाळाटाळ करतं तिथे काय चाललंय याचा अंदाज तेवढ्यावरच येतो.

आता हे पत्र का एवढं महत्त्वाचं ते सांगते, कारण यात तुमच्या इंजिनिअरचंच नुकसान होऊ शकतं आणि त्याला ते माहीतही नसतं. इंजिनिअरिंग डिग्रीला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या, नियमाने 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. कायम शिक्षक परवडत नाहीत म्हणून काही कॉलेजं शनिवारी येणाऱ्या माणसाचं नाव, पॅन, सर्टिफिकेटं घेतात आणि मंजुरीच्या कागदांत त्याला पूर्णवेळ सहायक प्राध्यापक म्हणून दाखवून मोकळी होतात. 2024 मध्ये तमिळनाडूत अण्णा विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांमध्ये हेच प्रकरण बाहेर आलं, एकच माणूस अनेक कॉलेजांत पूर्णवेळ दाखवलेला. असं झालं तर तुमच्या कंपनीच्या रेकॉर्डवर तो पूर्णवेळ, कॉलेजच्या रेकॉर्डवरही पूर्णवेळ, आणि तपासणीत पहिला खुलासा त्याच्याकडेच मागितला जातो. मग तो तुमची एनओसी दाखवतो, आणि त्यात "अर्धवेळ" हा शब्द सोडून काहीच नसतं.

म्हणून एनओसीत एक वाक्य असं ठेवा की ही परवानगी फक्त अभ्यागत व्याख्याता म्हणून तासिकेवर काम करण्यासाठी आहे, आणि संस्थेने कर्मचाऱ्याला कुठल्याही नियामक संस्थेकडे, विद्यापीठाकडे किंवा वेबसाइटवर पूर्णवेळ किंवा नियमित शिक्षक म्हणून दाखवू नये. मूळ डिग्री सर्टिफिकेटं कॉलेजकडे ठेवायची नाहीत, हे त्याला तोंडी बजावून सांगा. एकदा मूळ कागद तिकडे गेले की परत मिळवताना माणूस रडकुंडीला येतो.

याच मुद्द्याला पीएफ जोडलेला आहे. कॉलेजने त्याला पगारपत्रकावर घेऊन पीएफ कापला तर त्याच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, एकाच काळात दोन नोकऱ्या दिसायला लागतात. तुम्ही परवानगी दिलेली असेल तर आभाळ कोसळत नाही, पण पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावेळी त्याच्या हातात तुमचं नीट लिहिलेलं पत्र असेल तर तो विषय दोन मिनिटांत संपतो. सोयीचं हे की मोबदला व्याख्यानाच्या फीच्या स्वरूपात घ्यावा, पगार म्हणून नको.

आता तास. इथे बहुतेक एचआरवाले "आठवड्याला दोन तास" लिहितात आणि निवांत होतात, कारण कॉलेजच्या टाइमटेबलवर दोनच तास दिसतात. पण शिकवणं म्हणजे नुसतं लेक्चर नाही. तुमच्याच माणसाचा हिशोब करून बघू. समजा शनिवारी दोन तास, सेमिस्टर 15 आठवड्यांचं, म्हणजे लेक्चरचे 30 तास. पहिल्यांदा शिकवतोय तर एका तासाला किमान एक तास तयारी, आणखी 30. वर्गात 60 मुलं, दोन टेस्ट, एका पेपरला 10 मिनिटं धरली तरी एका टेस्टचे 10 तास आणि दोन टेस्टचे 20. पेपर काढायला चार तास. शेवटी ओरल, प्रत्येक मुलाला 10 मिनिटं, परत 10 तास. जाण्यायेण्याचा दर शनिवारी एक तास, म्हणजे 15. बेरीज झाली 109 तास, आठवड्याला सात तासांच्या थोडं वर. दोन तासांची परवानगी दिली होती आणि प्रत्यक्षात जवळजवळ एक अख्खा कामाचा दिवस गेला, दर आठवड्याला.

मला या 109 मधल्या शनिवारच्या तासांची काळजी वाटत नाही, तो त्याचा सुट्टीचा वेळ आहे. त्रास देतात ते ओरल आणि सेमिस्टरच्या शेवटची पेपर तपासणी, कारण ती विद्यापीठाच्या वेळापत्रकाने मंगळवार-बुधवारी लागतात, ऑर्डर दोन दिवस आधी येते, आणि नेमकं त्याच आठवड्यात तुमच्याकडे ग्राहकाचा ट्रायल असतो. माणूस दोन्हीकडे शब्द देऊन बसलेला असतो. मग सिक लीव्ह टाकली जाते, आणि एकदा खोटी सिक लीव्ह टाकली की चांगल्या माणसाचं प्रकरण शिस्तभंगाकडे जातं. हे मी होताना पाहिलंय आणि फार वाईट वाटतं, कारण सुरुवातीला दोन ओळी लिहिल्या असत्या तर ते टळलं असतं.

त्या दोन ओळी अशा. एक, लेक्चर, टेस्ट, पेपर तपासणी आणि ओरल मिळून कॉलेजात प्रत्यक्ष हजर राहण्याचा वेळ आठवड्याला चार तासांपेक्षा आणि सेमिस्टरला 60 तासांपेक्षा जास्त नसावा. आपल्या हिशोबात 30 लेक्चरचे, 10 ओरलचे, टेस्टचे पेपर तो घरी तपासेल, म्हणजे 60 त ऐसपैस बसतं आणि कॉलेजने आणखी एक विषय गळ्यात मारला तर लगेच बाहेर पडतं. ओरलच्या आठवड्यात चारच्या वर जाईल, तेवढी सूट तिथेच लिहून टाका. दुसरी ओळ, कामाच्या दिवशी येणाऱ्या परीक्षेच्या कामासाठी सेमिस्टरला जास्तीत जास्त तीन दिवस त्याची स्वतःची अर्जित रजा घेता येईल, किमान एक आठवडा आधी अर्ज करून, आणि कामाची निकड असेल तर ती नाकारता येईल. विद्यापीठाची परीक्षक म्हणून स्वतंत्र नेमणूक आली तर त्याला वेगळी परवानगी. हे आकडे माझे आहेत, तुमच्या कामाच्या मोसमाप्रमाणे बदला, पण आकडा लिहाच. "कामावर परिणाम होणार नाही अशा रीतीने" हे वाक्य सगळे लिहितात आणि त्यावरून पुढे काहीच ठरवता येत नाही.

तिसरा भाग विषयाचा आणि तो तुमच्या धंद्यात खरंच नाजूक आहे. टूलिंगवाल्या कंपनीकडची ड्रॉइंग्ज बहुतेक ग्राहकाची असतात, तुमची नाहीत. फिक्स्चरचं लोकेशन कुठे घेतलं, क्लॅम्पिंगचा क्रम काय, कुठल्या पार्टला किती टॉलरन्स, यातून एखाद्या जाणकाराला ग्राहकाचं पुढचं मॉडेल कळू शकतं. इंजिनिअर वाईट हेतूने काही करत नाही, त्याला मुलांना खरं उदाहरण दाखवायचं असतं, आणि शिकवणारा म्हणून ती इच्छा चांगलीच आहे. त्यामुळे सरसकट "कंपनीची माहिती वापरू नये" असं लिहून सोडू नका, कारण ते कोणी पाळूच शकत नाही, त्याचा अनुभव हीच तर कंपनीतली माहिती आहे. त्याऐवजी सांगा की जिग-फिक्स्चरची तत्त्वं, पुस्तकातली उदाहरणं, त्याने स्वतः नव्याने काढलेली स्केचेस हे सगळं चालेल. कंपनीचं किंवा ग्राहकाचं ड्रॉइंग, फोटो, थ्रीडी मॉडेल, कोटेशन, रिजेक्शनचा डेटा हे नाव खोडूनसुद्धा चालणार नाही. एखादी खरी केस दाखवायचीच असेल तर डिझाइन हेडला आधी स्लाइड दाखवायची, आठवडाभरात हो किंवा नाही उत्तर मिळेल. हा रस्ता ठेवला की माणूस विचारतो, नाहीतर गपचूप दाखवतो.

तुम्ही कधी पेटंटचा अर्ज करत असाल तर आणखी एक गोष्ट. आपल्या पेटंट कायद्यात नावीन्याची अट कडक आहे, अर्ज दाखल होण्याआधी ती कल्पना जाहीर झाली तर अर्जच अडचणीत येतो, आणि थोडे अपवाद सोडले तर नंतर सांभाळून घ्यायला सवलतीचा काळ मिळत नाही. आजकाल लेक्चर रेकॉर्ड होऊन कॉलेजच्या यूट्यूबवर जातं, त्यामुळे वर्गात 60 मुलांसमोर बोललेलं जगजाहीर व्हायला एक संध्याकाळ पुरते. अर्ज चालू असलेल्या विषयांची यादी डिझाइन हेडकडून घ्या आणि ती एनओसीत न लिहिता इंजिनिअरला वेगळ्या मेलवर द्या, कारण एनओसीची प्रत कॉलेजकडे जाणार आहे.

नोट्स कोणाच्या हा प्रश्न पण येतो. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर, नोकरीच्या कामाचा भाग नसलेल्या नोट्स केल्या तर त्यावर कंपनीने हक्क सांगू नये असं माझं मत आहे आणि तसं स्पष्ट लिहा, त्याला बरं वाटतं. फक्त कंपनीचा लॅपटॉप आणि कॅडचं लायसन्स वापरू नको हे सांगा. कॅडची व्यापारी लायसन्सं बाहेर शिकवायला वापरणं कंपनीला महागात पडू शकतं, आणि विद्यार्थ्यांची आवृत्ती कॉलेजकडे असतेच.

हितसंबंधांचं एक कलम हवं, छोटंच. त्या कॉलेजची मुलं तुमच्याकडे इंटर्नशिपला किंवा कॅम्पसमधून येत असतील तर त्या निवडीत हा बसणार नाही. आणि ज्या मुलांना तो मार्क देतो त्यांच्याकडून कंपनीचं काम प्रोजेक्टच्या नावाखाली करून घेणार नाही. दुसरी गोष्ट कोणी मुद्दाम करत नाही पण सहज होते, कारण मुलं स्वतःहून "सर काहीतरी इंडस्ट्रीचा प्रोजेक्ट द्या" म्हणून मागे लागतात. प्रोजेक्ट द्यायचा तर कंपनी आणि कॉलेज यांच्यात वेगळं पत्र करा.

पैशांचं थोडक्यात. समजा तासाला 800 मिळाले तर 30 लेक्चरचे 24,000, वर पेपर तपासणीचे थोडे. व्यावसायिक फी म्हणून एका संस्थेकडून वर्षाला 50,000 पर्यंत मिळाले तर टीडीएस कापला जात नाही, त्यावर गेलं तर 10 टक्के. पण कापला नाही म्हणजे कर लागत नाही असं नाही. त्याने हे उत्पन्न तुमच्या अकाउंट्सला कळवलं तर पगारातूनच कर कापून घेता येतो. रिटर्नमध्ये कुठल्या सदरात दाखवायचं ते त्याने सीएला विचारावं. कंपनीने या पैशांत वाटा मागू नये, तो वाटा खाजगी नोकरीत शोभत नाही. सरकारी नोकरीत गोष्ट वेगळी असते, तिथे राज्यात वर्तणूक नियम 1979 च्या नियम 16 खाली पूर्वपरवानगी लागते आणि फीबद्दल स्वतंत्र नियम आहेत, त्यामुळे सरकारी ऑफिसमधला कोणाचा मसुदा मिळाला तर तो जसाच्या तसा उचलू नका. हे काम कंपनीच्या ड्यूटीत मोडत नाही, जातायेता अपघात झाला तर तो कामावरचा अपघात धरला जाणार नाही, हेही पत्रात एका वाक्यात असू द्या आणि त्याला समोर बसवून सांगा, म्हणजे तो स्वतःचा विमा बघेल.

मसुदा साधारण असा होईल, तुमच्या लेटरहेडवर, कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने, प्रत कर्मचाऱ्याला:

"आपल्या दि. ___ च्या पत्राच्या संदर्भात, आमचे कर्मचारी श्री. ___ यांना आपल्या संस्थेत ___ या विषयासाठी दर शनिवारी अभ्यागत व्याख्याता म्हणून शिकवण्यास दि. ___ पासून दि. ___ पर्यंत, म्हणजे एका सेमिस्टरपुरती, आमची हरकत नाही. परीक्षेच्या कामासह संस्थेतील उपस्थिती आठवड्याला 4 तास व एकूण 60 तासांपेक्षा जास्त नसावी, ओरलचा आठवडा साप्ताहिक मर्यादेतून वगळला आहे. त्यांना पूर्णवेळ किंवा नियमित शिक्षक म्हणून कुठल्याही नोंदीत दाखवू नये. संस्थेच्या जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात आमच्या कंपनीचे नाव आमच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. विषय, तास किंवा पद यात बदल झाल्यास नवीन परवानगी लागेल. ही परवानगी 15 दिवसांच्या लेखी सूचनेने मागे घेता येईल, मात्र शक्यतो चालू सेमिस्टर पूर्ण होऊ दिले जाईल."

शेवटचा अर्धा भाग मुद्दाम घातलाय. मध्येच परवानगी काढून घेतली तर 60 मुलं शिक्षकाशिवाय राहतात, त्यात त्यांची काही चूक नसते. गोपनीयतेचा भंग किंवा खोटी रजा असं काही गंभीर असेल तरच लगेच थांबवा, बाकी कामाची ओढाताण असेल तर पुढच्या सेमिस्टरला नूतनीकरण करू नका.

रजा, गोपनीयता, ड्रॉइंग्ज, लॅपटॉप, हितसंबंध, अपघात या अटी कॉलेजच्या पत्रात नकोत, कॉलेजला त्यांच्याशी घेणंदेणं नाही. त्या एका वेगळ्या परवानगी पत्रात लिहा, त्यावर इंजिनिअरची "वाचून मान्य" अशी सही घ्या आणि ते त्याच्या पर्सनल फाइलला लावा. दोन्ही कागद एकाच दिवशी, आधी सही मग एनओसी. उलट्या क्रमाने केलं तर सही राहून जाते.

अजून एक, मुदत संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरमध्ये आठवण लावा आणि त्यावेळी त्याच्या बॉसला फोन करून फक्त दोन गोष्टी विचारा, परीक्षेच्या आठवड्यांत काम अडलं का, आणि त्याने स्लाइड दाखवायला आणल्या होत्या का. आणल्या असतील आणि काम अडलं नसेल तर पुढची परवानगी एका सेमिस्टरऐवजी पूर्ण वर्षाची द्यायला हरकत नाही. कॉलेजचं पत्र हातात आलं की नाव खोडून इथे टाका, पद आणि पैशांची ओळ मी बघून सांगते.